चिंबोरी म्हटलं की जागं होणारं यंत्र

कर्जतजवळच्या त्या केंद्रात मी पहिल्यांदा गेले ती एक बंद पडलेलं पॅनल दुरुस्त करायला. खालापूरच्या एका छोट्या कारखान्यात मी सर्किट बोर्डांचं काम करते. बोर्डावरच्या चिपमध्ये जो प्रोग्राम भरायचा असतो तो लिहिते. केंद्रात मणक्याला इजा झालेली माणसं राहतात. प्रत्येक खाटेपाशी घंटेचं बटण, आणि कुठल्या खाटेवरून बोलावणं आलं ते सिस्टरांच्या टेबलावरच्या पॅनलवर दिसतं. पॅनलमधली एक तार सुटली होती. दहा मिनिटांचं काम. निघताना सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आता आलाच हायेत तर आमच्या काकांची घंटा पण बघा. ती चांगली हाय, पण कामाची नाय."

सिस्टर लोधिवलीकडच्या. घरी शेती, आणि बोलणं असं की पेशंटनं कण्हायचंही विसरावं. त्या मला खिडकीजवळच्या खाटेपाशी घेऊन गेल्या.

काका पन्नाशीचे. माथेरानला घोडे होते त्यांचे. पर्यटकांना फिरवून आणायचे. एका उतारावर पडले आणि मानेतला मणका गेला. मानेखाली काही हलत नव्हतं. बटण दाबायला हात नाही म्हणून त्यांना तोंडापाशी एक नळी लावून दिली होती. तिच्यात फुंकर मारली की घंटा वाजायची. पण मान जरा कलली की नळी गालावरून घसरायची, आणि मग ती पुन्हा तोंडाशी आणायला कोणाला तरी बोलवायचं, तर बोलवायचं कशानं?

"परवा लघवीची नळी दुमडली होती," सिस्टर म्हणाल्या. "मानेची इजा असली की एवढ्याशानं बीपी चढतं बघा, डोकं फुटायला येतं, जीव जाऊ शकतो. मी फेरीला आले म्हणून दिसलं."

काका हसले. श्वास लहान होता त्यांचा, चार शब्दांवर थांबायचे. "हाका मारत होतो. पण आवाज... दारापर्यंत नाय जात."

मी त्यांच्या तोंडापासून खिडकीच्या चौकटीपर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. दोन हात. दारापर्यंत न जाणारा आवाज दोन हातांवरच्या माईकला पुरेल! मी तिथंच बोलून गेले, "काका, नुसता एक शब्द म्हटलात आणि घंटा वाजली तर?"

कारखान्याच्या मालकांनी "शनिवार-रविवार तुझे, बोर्ड माझे" असं म्हणून परवानगी दिली आणि मी नेरळच्या घरी जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. मोबाइलला हाक मारून चालतं तसं का नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. केंद्रात इंटरनेट कधी असतं कधी नसतं, आणि वॉर्डातलं दिवसभराचं बोलणं बाहेर कुठल्या तरी कॉम्प्युटरकडे जावं हे कोणालाच नको होतं. मला हवी होती नखाएवढी चिप. ती सतत ऐकेल, काही साठवणार नाही, आणि तिला फक्त एक शब्द कळेल. तो ऐकला की बाकीचं झोपलेलं यंत्र जागं करायचं: दिवा, रेडिओ, टेबलावरची घंटा. पुन्हा झोपवायचं. वीज गेली तरी बॅटरीवर चालावं इतकं कमी खाणारं.

पहिला प्रश्न शब्दाचा. त्यावर अख्खा वॉर्ड बोलला. 'पाणी', 'सिस्टर', 'आई' हे लगेच बाद; दिवसातून शंभरदा तेच शब्द निघतात. शब्द एरवी कोणी बोलणार नाही असा हवा. फार छोटाही नको, कारण छोट्या शब्दासारखे वाटणारे आवाज फार असतात. मी म्हटलं, 'टिटवी'. तीन अक्षरं, दोन खणखणीत ट.

"टिटवी?" सिस्टरांनी डोळे मोठे केले. "दवाखान्यात टिटवी वरडायची? अगं अभद्र!"

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी 'जय हरी' सुचवलं, ते दुसऱ्या शेजाऱ्याला नको होतं. मग काका हळूच म्हणाले, "चिंबोरी."

सगळे हसले. पण मी वहीत लिहिलं. 'चिं'चा सुरुवातीचा घासलेला आवाज, मग 'ब'ला ओठ मिटतात तेव्हाची क्षणाची शांतता, मग 'ओ' मोठा मोकळा, आणि शेवटी 'री'. माझ्या कामाला याहून छान शब्द मिळाला नसता.

"आणि पावसात शेतात चिंबोऱ्या निघतील तवा?" सिस्टरांनी विचारलं. "जेवणात तोच विषय असतो आमच्या."

"तवा तुमी खेकडा म्हणा," काका म्हणाले.

आवाज गोळा करण्याचे ते तीन आठवडे मी हवेत होते. लॅपटॉपच्या शेजारी बोर्डावर असणार तोच माईक चिकटवलेला, कारण शिकताना एक कान आणि काम करताना दुसरा कान असला तर यंत्र गोंधळतं, एवढी अक्कल मला होती. कर्जत स्टेशनबाहेरचे वडेवाले, एसटीची वाट बघणाऱ्या बायका, कारखान्यातले सगळे, चौक गावचे एक कोंबडीवाले चाचा. प्रत्येकाला सांगायचं हे कशासाठी आहे, हो म्हटलं तरच रेकॉर्ड. लॅपटॉपची कळ दाबायची, 'चिंबोरी' म्हणायचं, असं दहादा. चाचांनी दुकानात गिऱ्हाईक उभं असताना सुरी खाली ठेवली आणि दहा तऱ्हांनी म्हणून दाखवलं: रागानं, लाडानं, घाईत. गिऱ्हाईकही मग रांगेत उभं राहिलं.

'चिंबोरी नाही' असंही पुष्कळ लागतं. त्यासाठी मी लोकांच्या गप्पा, टीव्ही, पंखा, भांडी असं तासन्‌तास रेकॉर्ड केलं आणि प्रोग्राम लिहून त्याचे एकेक सेकंदाचे तुकडे पाडले.

मॉडेलला आवाज ऐकू येत नाही, चित्र दिसतं, हे मी सिस्टरांना समजावलं होतं. एका सेकंदाच्या आवाजाच्या पन्नासेक बारीक उभ्या पट्ट्या करायच्या. प्रत्येक पट्टीत खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चाळीस घरं. ज्या घरात जोर जास्त ते उजळ. झालं चित्र. 'चिंबोरी'चं चित्र बघायला मला फार आवडायचं: डावीकडे वर धुरळा, मधे काळी फट, मग लाटा. अशी हजारो चित्रं दाखवायची, मॉडेलनं अंदाज करायचा, चुकलं की त्याच्या आतले आकडे केसभर सरकवायचे, पुन्हा दाखवायचं. चुकांची रेघ पडद्यावर खाली खाली येते, आणि ती बघताना मी चहा गार करते. शेवटी ते आकडे गोल करून छोटे करायचे, म्हणजे चिपमध्ये मावतात. माझं अख्खं मॉडेल वीस-बावीस केबी झालं. मोबाइलमधला एक फोटो त्याच्या शंभरपट असतो!

परीक्षेसाठी काही माणसांचे आवाज मी पूर्ण बाजूला ठेवले होते. त्या परीक्षेत मॉडेल शंभरात सत्त्याण्णव बरोबर आलं. मी टेबलापाशी एकटी नाचले. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रात. बोर्ड काकांच्या उशाशी लावला. सिस्टर टेबलापाशी, वॉर्डात काम करणाऱ्या मावश्या दारात, शेजारचे आजोबा मान उंचावून. मी म्हटलं, "चिंबोरी!" टेबलावर घंटा वाजली. टाळ्या.

"आता काका, तुम्ही."

"चिंबोरी," काका म्हणाले.

काही नाही.

"चिं... बोरी."

काही नाही. तेवढ्यात शेजारच्या खाटेवर मावशींनी गोळ्यांच्या पाकिटातून गोळी दाबून काढली, टक्‌, आणि वर काही तरी बोलल्या. घंटा वाजली. कोणी दिव्याचं बटण दाबलं, घंटा वाजली. चमचा वाटीवर आपटला, घंटा.

"हे तर चमच्याला जागं होतंय गं," टेबलापासून उठून आलेल्या सिस्टर म्हणाल्या. त्या टोमणा मारत नव्हत्या, खरंच नवल करत होत्या. पण माझे कान तापले. मी पायरीवर बसून लॅपटॉपवर आलेख उघडले, खालीवर केले, पुन्हा बंद केले. सत्त्याण्णव! सत्त्याण्णव कुठं गेले?

परत आले तेव्हा काका म्हणाले, "ताई, ते आवाज मला ऐकव ना. सगळे."

"हजारावर आहेत काका."

"मला कुठं जायचंय?"

मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला, आवाज एकामागून एक लावून दिले आणि सिस्टरांशी बोलत बसले. काका डोळे मिटून ऐकत होते. मधेच हसायचे, कोंबडीवाले चाचा आले असणार. अर्ध्या तासानं त्यांनी डोळे उघडले.

"ताई, हे टक्‌ कसलं?"

"कुठलं टक्‌?"

"प्रत्येकाच्या आधी. टक्‌, मग चिंबोरी. टक्‌, मग चिंबोरी. घोड्याच्या एका नालेचा खिळा सैल झाला ना... की असंच येतं. चालताना. आपल्याला सवय कान लावायची."

मी हेडफोन ओढून घेतला. टक्‌. चिंबोरी. टक्‌. चिंबोरी.

लॅपटॉपची कळ! रेकॉर्ड करायला दाबलेली कळ, आणि माईक तिच्या शेजारी चिकटवलेला. 'चिंबोरी'च्या प्रत्येक तुकड्यात ती होती. 'चिंबोरी नाही'चे तुकडे मी लांबलचक रेकॉर्डिंगमधून कापले होते, त्यांत ती नव्हती. मॉडेलनं सोपा रस्ता धरला होता: टक्‌ आणि मागोमाग कुठलाही आवाज म्हणजे चिंबोरी. परीक्षेच्या तुकड्यांतही तीच टक्‌, म्हणून सत्त्याण्णव. माझा खणखणीत आवाज त्यातून कसाबसा पास झाला होता. काकांचा झाला नाही. हजार तुकड्यांची चित्रं मी पाहिली होती आणि त्यातला एकही नीट ऐकला नव्हता.

लाज वाटायला हवी होती. पण मला इतका आनंद झाला की मी सिस्टरांचा हात धरून हलवला. चूक सापडली होती!

"अजून एक," काका म्हणाले. "हे सगळे भरल्या छातीचे. वरडणारे. आमच्यासारखा... कोण हाय यात?"

कोणीच नव्हतं. ज्यांच्यासाठी यंत्र करायचं त्यांचाच आवाज त्यात नव्हता. हे मला खाटेवरच्या माणसानं सांगावं लागलं.

पुढचे पंधरा दिवस काम वॉर्डातच झालं. जुन्या प्रत्येक तुकड्याची सुरुवात मी कापून टाकली. मग टकटक करणाऱ्या सगळ्या वस्तूंचे आवाज घेऊन 'चिंबोरी नाही'मध्ये टाकले: गोळ्यांची पाकिटं, बटणं, चमचे, खाटेचा ब्रेक. मावश्यांनी हे इतकं मनावर घेतलं की एकीनं घरून अडकित्ता आणला. फसवे शब्दही हवे होते, म्हणजे अर्धवट तेच वाटणारे. काका सांगत गेले, सिस्टर बोलत गेल्या: चिंच, बोरी, तिजोरी, शिदोरी, बिचारी.

आणि वॉर्डातल्या माणसांनी आपापल्या श्वासात 'चिंबोरी' म्हटलं. एकांचा आवाज फुटायचा. एकांना सकाळी जमायचं, दुपारी नाही. बऱ्याच जणांचा शब्द मधे तुटायचा, श्वास घ्यायला. मॉडेल एका वेळी जेवढा आवाज बघतं ती माझी खिडकी एका सेकंदाची होती आणि त्यांचा शब्द तिच्यात मावतच नव्हता. 'री' बाहेर राहायची. मी ती दीड सेकंदाची केली. चित्र रुंद झालं, मॉडेल थोडं वाढलं, चिपमध्ये तरी बसलं. त्या आवाजांवर मी पंखा, टीव्ही, बाहेरचा टेंपो असे आवाज हलके मिसळले, शब्द थोडा पुढं-मागं सरकवला, जेणेकरून एकाच तुकड्यातून पुष्कळ शिकता येईल.

काकांकडे माईक नेला तेव्हा ते म्हणाले, "माझा नको घेऊ."

"का? तुमच्यासाठीच तर आहे."

"माझा आवाज पाठ केला... तर मला ओळखेलच. नवा माणूस आला तर? मला परीक्षेला ठेव."

मी थक्क झाले. आम्हाला हेच शिकवलेलं असतं, आणि आम्ही ते विसरतो.

शेवटचा वाद घंटा किती सहज वाजावी यावर झाला. मॉडेल 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाही. किती खात्री आहे ते सांगतं. सेकंदात चार-पाच वेळा ते खिडकी सरकवून बघतं, आणि लागोपाठच्या काही उत्तरांची सरासरी एका रेषेच्या वर गेली तरच घंटा. ती रेषा कुठं आखायची, ते माणसानं ठरवायचं.

"खाली आखा," सिस्टर म्हणाल्या. "दहादा खोटी वाजली तरी चालंल. एकदा खरी चुकली तर नाय चालणार."

"दहादा खोटी वाजली," काका म्हणाले, "तर अकराव्यांदा... तुमी उठणार नाय."

मग आम्ही तिघांनी मिळून रेषा आखली. दिवसभर टीव्ही आणि गप्पा चालू ठेवून खोट्या घंटा मोजायच्या, रेषा जरा वर न्यायची, पुन्हा मोजायच्या. दोन दिवसांनी अशी जागा सापडली जिथं खोटी घंटा दिवसातून एखादीच वाजायची. फुंकरीची नळी काढायची नाही आणि सिस्टरांच्या फेऱ्या कमी करायच्या नाहीत, हेही तेव्हाच ठरलं. यंत्र जास्तीचं, बदली नव्हे.

परीक्षेची दुपार मला लख्ख आठवते. जेवणं झाली होती, ताटं वाजत होती, टीव्हीवर कसली तरी मॅच. मी मुद्दाम काही बंद करू दिलं नाही. सिस्टर तीन खोल्या पलीकडे टेबलापाशी.

काकांनी श्वास घेतला. "चिं..."

मधे ताटांचा ढीग आदळला. बोर्डावरचा दिवा लागला नाही.

"...बोरी."

बोर्डावर हिरवा दिवा! आणि पलीकडून घंटा, आणि घंटेच्या मागोमाग सिस्टरांच्या चपला फटफट करत पळत आलेल्या. दारात उभ्या राहून धापा टाकत त्या म्हणाल्या, "काय पायजे?"

काकांना काहीच नको होतं. किंवा इतकं हवं होतं की सांगता येईना. शेवटी म्हणाले, "नाक खाजतंय."

सिस्टरांनी नाक खाजवलं. मग त्या हसायला लागल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "परत म्हणा." काकांनी परत म्हटलं. परत वाजली. वीसदा म्हणून घेतलं आम्ही, अठरादा वाजली. चुकलेल्या दोन्ही वेळा काकांनी लगेच पुन्हा म्हटलं आणि वाजली. मला नाचायचं होतं, पण वॉर्ड होता, म्हणून शेजारच्या आजोबांना मोठ्यानं "जय हरी" म्हटलं. ते खूश झाले.

महिन्याभरानं मी स्कूटरवरून कामाला चालले होते. जुन्या हायवेवर फोन वाजला तशी बाजूला थांबले. सिस्टर होत्या.

"ताई, आज नळी दुमडली होती परत. डोकं धरलं होतं काकांचं, घाम फुटलेला. फुंकरीची नळी घसरलेली. त्यांनी म्हटलं आणि वाजली गं! मी लगेच गेले, नळी सरळ केली, बसतं केलं. बीपी उतरलं. आता चहा पितायत."

मी रस्त्याच्या कडेला हेल्मेट काढून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. भाजीच्या टेंपोवाल्यानं वेग कमी करून विचारलं, "काय झालं ताई, पडलात काय?"

"नाही हो!" मी म्हटलं. "कोणी पडलं नाही!"

आता त्या केंद्रात सहा खाटांपाशी असे बोर्ड आहेत. नवीन माणूस आला की त्याचा आवाज, त्याची मर्जी असेल तर, आम्ही घेतो आणि मॉडेल पुन्हा शिकवतो. पण प्रत्येक नवा तुकडा आधी काका ऐकतात. हेडफोन लावून, डोळे मिटून. "हा घे." "हा नको, मागे कुकर हाय." "ह्या बाईंना उद्या परत विचार, दमल्यात." त्यांनी नापास केलेला तुकडा मी कधी आत जाऊ देत नाही.

मागच्या शनिवारी असेच ऐकता ऐकता ते थांबले आणि कपाळाला आठी घातली.

"ही कोण गं? नाटकात काम करते काय? असं कोण म्हणतं चिंबोरी?"

मी पडद्यावर बघितलं. मीच होते.

"काढून टाक," काका म्हणाले. "खरं वाटत नाय."

मी काढून टाकला.